तीन टिंबांऐवजी एक चित्र

छापील मुलाखतीत मधला मजकूर गाळला, की आपण तीन टिंबे देतो. चित्रित मुलाखतीत ही सोय नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर रोखलेल्या दृश्यातून दहा सेकंद काढून टाकले, तर मान एका क्षणात डावीकडून उजवीकडे उडते, गुडघ्यावरचा हात हनुवटीखाली दिसतो. हा जंप कट. तो झाकण्यासाठी आवाज चालू ठेवून वर दुसरे दृश्य ठेवतात, त्याला कटअवे म्हणतात. म्हणजे गाळल्याची खूण न ठेवता गाळायचे. ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली आहे, त्यांना यातली अडचण लगेच लक्षात यावी.

आमच्या विभागाने एका निवृत्त खिळेजुळाऱ्याची मुलाखत चित्रित केली. साहित्यिक अंकांची पाने जुळवण्यात त्यांची उमेद गेली होती. बोलणे ५२ मिनिटांचे झाले. अभ्यासक्रमासाठी हवी होती ९ मिनिटे. इतकी कापाकापी होणार हे ठाऊक असल्यामुळे कटअवेंची आखणी आधीच केली होती. एका विद्यार्थिनीकडे एकच काम होते : बोलण्यात येणारी नामे वेळेसह टिपायची. खिळे, केस, कम्पोझिंग स्टिक, प्रूफ, चष्मा. क्रियापदे आणि मते सोडून द्यायची, कारण कॅमेऱ्याला नामेच दिसतात. मुलाखत संपताच, प्रकाश आणि सदरा बदलण्यापूर्वी, त्या यादीबरहुकूम चित्रण झाले. प्रत्येक वस्तू दुरून, मध्यम अंतरावरून आणि अगदी जवळून; प्रत्येक वेळी कॅमेरा किमान दहा सेकंद स्थिर. वापरायचे असतात चारच सेकंद, पण ते कुठले हे संकलनाच्या वेळीच कळते. शेवटी सर्वांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित केली. दोन वाक्यांच्या फटीत हीच शांतता भरावी लागते, नाहीतर पंख्याचा आवाज मध्येच तुटतो.

मग बोलणे शब्दशः उतरवून कागदावर संकलन केले. अकरा सांधे निघाले. चार ठिकाणी प्रश्न बदलत होता आणि त्याबरोबर चौकटही बदललेली होती, आधी कमरेपर्यंत, मग फक्त चेहरा. तिथे काही झाकण्याची गरज नव्हती. सहा ठिकाणी कटअवे लागले. ते नेमके सांध्यावर सुरू केले तर ठिगळ दिसते. म्हणून ‘स्टिक’ हा शब्द येताच, सांध्याच्या सेकंदभर आधी, डाव्या हातातली स्टिक दिसू लागते आणि सांधा ओलांडून, पुढचे वाक्य रुळल्यावर चेहरा परत येतो. प्रेक्षकाला वाटते, शब्दानेच चित्र आणले.

दुबळ्या उत्तराचा प्रश्न वेगळा. लेखकांविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “चांगलीच माणसं होती. काय सांगायचं?” यावर जुन्या अंकांची कितीही मुखपृष्ठे पसरली, तरी उत्तर पोकळच राहते, उलट चित्रे सुंदर असली, तर पोकळी अधिक ऐकू येते. अशा वेळी प्रश्न लहान करून पुन्हा विचारावा. “कोणतं अक्षर लागायचं नाही?” असे विचारताच ते उठले आणि ‘घ’ आणि ‘ध’ यांत गफलत कशी होई, ते कागदावर गिरवून दाखवू लागले. कॅमेरा हातावर गेला. तेच उत्तर ठरले आणि पहिले वगळले.

उरला अकरावा सांधा. ते म्हणाले होते, “कविता जुळवता जुळवता पाठ व्हायची...” मग पगाराबद्दल बरेच काही, आणि नंतर, “...पण आवडायची असं नाही.” विद्यार्थ्यांपैकी एकाने सुचवले, की ‘व्हायची’पाशी थांबू, वर खिळे उचलणारा हात ठेवू, शेवट हृद्य होईल. मी त्याला डोळे मिटून ऐकायला सांगितले. ‘व्हायची’ला आवाज वर राहतो, पूर्णविरामाला तो खाली येतो. तिथे स्वल्पविराम आहे हे कानाला कळते आणि कोणतेही चित्र ते लपवू शकत नाही. पण समजा, आवाज खाली आला असता, तर? मग लबाडी निर्वेध पार पडली असती. म्हणजे कानाची कसोटी तांत्रिक दोष पकडते, अर्थाचा अपहार पकडत नाही. त्यासाठी उतरवलेल्या संहितेशी प्रत्येक सांधा ताडून, गाळलेल्या भागात ‘पण’, ‘नाही’, ‘क्वचित’ यांपैकी काही गेले आहे का, हे पाहावे लागते.

आम्ही पगाराचा भाग काढला, दोन्ही उपवाक्ये ठेवली आणि सांधा उघडा ठेवला. एरॉल मॉरिस यांच्या ‘द फॉग ऑफ वॉर’ (२००३) या माहितीपटात मॅकनमारा बोलत असताना असे जंप कट राजरोस दिसतात आणि प्रेक्षक ते सहज स्वीकारतो. आमच्या चित्रफितीतही ‘व्हायची’नंतर त्यांचा चेहरा इंचभर उडतो. तीच आमची तीन टिंबे.