लेकीच्या तीन बरण्या

आमच्या घरी दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर पैसे वाटले जातात. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला आठवड्याचे पन्नास रुपये मिळतात, आणि ते सुट्ट्या नाण्यांतच मिळतात. दहाची दोन, पाचची चार आणि दोनची पाच नाणी. ही नाणी जमवायला मला आठवडाभर वाण्याकडे, रिक्षावाल्याकडे लक्ष ठेवावे लागते. पण पन्नासची एक नोट हातात दिली तर मुलाने ती वाटायची कशी? नोट एकाच बरणीत जाते किंवा सरळ दुकानात.

बरण्या तीन आहेत, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या. पत्र्याचा गल्ला मी मुद्दाम घेतला नाही, कारण त्यात पैसे वाढलेले किंवा आटलेले दिसत नाहीत. एकीवर ‘खर्च’, दुसरीवर ‘साठा’ आणि तिसरीवर ‘वाटा’ अशी चिठ्ठी तिनेच चिकटवली आहे. खर्चात पंचवीस, साठ्यात पंधरा आणि वाट्यात दहा रुपये जातात. हा हिशेब काही कुठून उतरवलेला नाही. शाळेजवळच्या टपरीवर पाच रुपयांच्या खाली काही मिळत नाही, आणि शाळेचे दिवस पाच, म्हणून खर्चाचे पंचवीस झाले. उरलेल्यांचे दोन भाग तिनेच पाडले.

पहिले दोन आठवडे खर्चाची बरणी सोमवारीच रिकामी झाली. चिंचेच्या गोळ्या, वेफर्स आणि चमकी लावलेली पेन्सिल. मंगळवारी ती म्हणाली, “अम्मी, वाट्यातले दहा घेऊ? शुक्रवारी परत टाकते.” मी नाही म्हटले. खर्चातले पैसे दुसऱ्या दोन बरण्यांत कधीही टाकता येतात, पण उलट फिरवता येत नाहीत, एवढा एकच नियम आम्ही ठेवला आहे. मुले उसनवारी फार लवकर शिकतात आणि फेडणे फार उशिरा. चौथ्या आठवड्यात बुधवारपर्यंत बरणीत दहा रुपये शिल्लक होते. मी काही बोलले नाही.

अडचण आली ती घरातूनच. बरणी रिकामी असताना दप्तरात वेफर्सचे पाकीट सापडले, तेव्हा समजले की दादी गुपचूप दहाची नोट देतात. सासूबाईंना मी एवढेच म्हटले, “तुम्ही जरूर द्या, पण तिच्या साठ्याच्या बरणीत टाका.” त्यांना ते पटले. आता त्या नातीला बोलावून तिच्यासमोर नोट टाकतात, आणि त्यांचाही मान राहतो. ज्या घरात आजी-आजोबा, फुफ्फी, मामू सगळे आहेत, तिथे हे आधीच बोलून घेतलेले बरे.

साठ्याची बरणी कशासाठी, हे ठरलेले असावे लागते आणि ते मुलाच्या आवाक्यातले असावे लागते. तिला बॅडमिंटनच्या रॅकेटची जोडी हवी होती, शटलसकट तीनशे साठ रुपये. पंधराच्या हिशेबाने चोवीस आठवडे. नऊ वर्षांच्या मुलीला हा काळ फार मोठा आहे. म्हणून आधी नव्वद रुपयांची रंगपेटी ठरवली. सहा आठवड्यांत ती आली, मगच रॅकेटची बारी.

याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीने सुचवले की बरणीत शंभर साठले की तू दहा वर टाक, म्हणजे मुलीला बचतीची गोडी लागेल. मुलांच्या बचतीवरच्या पुस्तकांतही हा सल्ला असतो. मी तो घेतला नाही. पैसा नुसता पडून राहिला म्हणून ठरलेल्या दराने वाढतो, हेच तर व्याज. ते आपल्याकडे हराम आहे हे एकीकडे सांगायचे आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर तेच चालवायचे, हे मला जमले नसते. बक्षीस देऊ नये असे नाही. रंगपेटी आली तेव्हा कुवेतहून तिच्या अब्बांनी चित्रकलेची वही पाठवायला सांगितली, ती मी घेऊन दिली. पण ते आधी कबूल केलेले नव्हते आणि किती साठले यावर मोजलेले नव्हते. भेट आणि व्याज यांतला फरक तिला या वहीवरूनच समजावता आला.

रॅकेटसाठी आठ आठवड्यांत एकशे वीस जमले आणि ईद आली. ईदी झाली सहाशे चाळीस. आता सगळे आजच घेऊ, असा तिचा आग्रह. आमचे आधीच ठरले होते: निम्मी ईदी, म्हणजे तीनशे वीस, तिच्या बँकेच्या खात्यात. उरलेल्यातले शंभर तिने खर्चात ठेवले आणि दोनशे वीस साठ्यात टाकले. साठा झाला तीनशे चाळीस. वीस कमी. खर्चाच्या बरणीतून ती ते वीस टाकू शकत होती, नियमात बसत होते. पण ईदीचे शंभर तिला मेळ्यात उडवायचे होते. ती दोन शुक्रवार थांबली, रॅकेट घेतल्या आणि बरणीत दहा उरले.

ईदीतला एक रुपयाही वाट्याच्या बरणीत का गेला नाही, असे जाऊबाईंनी विचारले. कारण फिकहचे आहे. ईदी मुलाला दिली की ती त्याच्या मालकीची होते, आणि नाबालिग मुलाने आपली मालमत्ता कुणाला देऊन टाकणे धरले जात नाही. आई-बापांनाही ती परस्पर दान करता येत नाही. म्हणून वाट्याचे दहा रुपये आमचेच असतात. ते तिच्या हातून जातात, कुणाला द्यायचे ते ती निवडते, एवढेच. हे तिला स्पष्ट सांगितले आहे. तिचा फित्राही या बरणीतून नाही, तो आम्ही भरतो. जकातीचे म्हणाल तर आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे मुलाची मालमत्ता निसाबाला पोहोचली आणि वर्ष झाले तर पालकाने त्यातून जकात काढायची असते. हनफी घरांत नाबालिगावर जकात नाही. बरणी काही साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीला पोहोचत नाही, पण अकीक्यापासून मिळालेले दागिने आणि खाते मिळून पोहोचू शकते. ते आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

वाट्याचे पैसे कुठे जातात हे बघणे मला सर्वांत आवडते. पहिल्यांदा वीस रुपयांची मांदेली घेऊन तिने गल्लीतल्या मांजरीला घातली. मला हसू आले, पण मुक्या जिवाला खाऊ घालणे हाही सदकाच. नंतर वर्गातल्या एकीकडे कंपासपेटी नाही म्हणून तिने साठ रुपये काढले. स्वतः द्यायला निघाली होती. मी बाईंना भेटून त्यांच्याकडे पेटी दिली आणि कुणाची ते सांगू नका म्हटले. लेक दोन दिवस फुरंगटून बसली, कारण त्या मुलीने हिला काहीच म्हटले नाही. कसे म्हणेल, तिला ठाऊकच नव्हते. तिसऱ्या दिवशी दोघी एकत्र भूमिती करत होत्या असे समजले.

धाकटा पाच वर्षांचा आहे. त्यालाही बरणी हवी आहे. त्याला अजून दोन आणि पाचचे नाणे ओळखता येत नाही, म्हणून सध्या दोनच बरण्या आणि रुपयाची दहा नाणी. परवा त्याने सगळी वाट्यात टाकली, कारण ती बरणी निळ्या झाकणाची आहे.