सही नेमकी कशावर?

सातबारा, फेरफार, मोजणी अशा विषयांवर मी इन्स्टाग्रामवर मराठीत कॅरोसेल करते, म्हणजे बोटाने सरकवत एकामागून एक वाचायच्या पाट्या. महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण पुढचा विषय मी कमेंट आणि मेसेजमधूनच उचलते. वारस नोंदीचं कॅरोसेल असंच झालं.

‘सातबारा कसा वाचावा’ या पोस्टखाली बरेच जण एकच विचारत होते : “वडील वारले, आमची नावं कशी लावायची?” मी असे प्रश्न एका शीटमध्ये उतरवून घेते. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता. शेजारी तो कमेंटमध्ये आला की मेसेजमध्ये, आणि विचारणारा कुठे अडलाय. नाव, गाव, गट नंबर कधीच लिहीत नाही. मोजताना माणसं मोजते, मेसेज नाही, कारण एखादा गृहस्थ प्रत्येक पोस्टखाली तोच प्रश्न टाकतो आणि पाहणाऱ्याला वाटतं सगळ्या गावालाच तो पडलाय. “पीडीएफ पाठवा”, “छान माहिती” हे शीटमध्ये येत नाही.

कमेंटवरून विषय सरळ दिसत होता : अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठी कार्यालय. मेसेज उघडले तेव्हा चित्र बदललं. अनोळखी लोकांचे मेसेज रिक्वेस्टमध्ये वेगळे पडतात, तेही मी नेमाने वाचते. घरातलं भांडण माणूस चारचौघांत लिहीत नाही. तिथे बहुतेक बायका होत्या. “भाऊ म्हणतो नुसती सही कर, नोंद लागायला हवी. करू का?” असा तो प्रश्न. मी प्रत्येकीला उलट एकच विचारलं : “कागदावर वर काय लिहिलंय?” कुणाकडे वारस नोंदीचा अर्ज होता, कुणाकडे हक्कसोडपत्राचा मसुदा. दोन्हींतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. कमेंटमध्ये ‘नाव कसं लावायचं’ असं दिसणारं कोडं खरं तर ‘मी कशावर सही करतेय’ हे होतं. विषय मिळाला तो इथे.

पहिल्या पाटीवर त्यांचंच वाक्य ठेवलं : ‘भाऊ म्हणतो, नुसती सही कर.’ ‘वारस नोंदीची प्रक्रिया’ असं लिहिलं असतं तर ज्या बाईसाठी ते होतं तिने ते सरकवून टाकलं असतं. दुसऱ्या पाटीवर थेट उत्तर : वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या वारसांची नावं येतात, बहिणींचीही, आणि त्या अर्जाने कुणाचा हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्र वेगळं, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात आणि त्याने हिस्सा खरोखर सोडला जातो.

पुढच्या पाट्यांचा क्रमही मेसेजनीच दिला. माझ्या उत्तरानंतर त्या लगेच जे विचारत, ती पुढची पाटी. “मग माझं नाव वगळलं तर कळणार कसं?” फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. “नोंद होऊन गेली असेल तर?” उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, आणि हेही, की फेरफार हा महसुली दप्तरातला बदल आहे, नुसतं नाव नसल्याने वारसाहक्क बुडत नाही. इन्स्टाग्राम आता 20 पाट्या देतं, पण मी आठवर थांबले. “आजोबांनी मृत्युपत्र केलंय”, “वाटणी तोंडी झाली होती” असे प्रश्न कागद बघितल्याशिवाय सांगता येत नाहीत. त्यांना मी वकील गाठायला सांगते, पाटी करत नाही.

एकाही बाईचा मेसेज, नाव झाकूनसुद्धा, मी पाटीवर लावला नाही. गावातल्या गावात लोक शब्दांवरून माणूस ओळखतात. पहिल्या पाटीवरचं वाक्यही तेवढ्यासाठीच निवडलं, की ते अनेकींनी जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलं होतं.

उत्तर पोचलं की नाही, हे मी लाइकवरून ठरवत नाही. तोच प्रश्न त्याच पोस्टखाली पुन्हा आला तर पाटीवरची भाषा फसली असं समजते. या वेळी प्रश्न पुढे सरकले. “माझ्याकडचा कागद हक्कसोडच निघाला, सही थांबवली,” असं एकीने कळवलं. आणि दुबईतल्या, पुण्यातल्या बहिणी विचारू लागल्या : “वारस नोंदीसाठी मला गावी यावं लागेल का?” अर्ज कुणीही एक वारस देऊ शकतो, त्यामुळे नोंदीसाठी येण्याची गरज नाही, हक्कसोडपत्र मात्र स्वतः हजर राहून किंवा मुखत्यारपत्र देऊन करावं लागतं. शीटमध्ये मुखत्यारपत्राची ओळ आता बरीच भरली आहे. बहुतेकींचा प्रश्न एकच आहे : “भावालाच मुखत्यार केलं तर चालेल का?”