‘ला’ची दोन नावं

शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात ‘ला’ दोनदा भेटतो. द्वितीयेच्या ओळीत स, ला, ते, आणि एक ओळ सोडून चतुर्थीतही तेच स, ला, ते. मुलं पाठ करताना हमखास इथं थांबतात आणि विचारतात, की प्रत्यय एकच असेल तर नावं दोन कशाला? प्रश्न रास्त आहे. बिलोलीसारख्या गावात त्याचं उत्तर पुस्तकाबाहेरही सापडतं, कारण मांजरा ओलांडून बोधनकडं निघालं की तेलुगू सुरू होते.

आधी ‘ला’चा स्वभाव पाहू. हा एकटा कधी राहत नाही आणि ज्याच्याकडं जातो त्याला मूळ रूपात राहू देत नाही. घोड्याचं ‘घोड्या’, माणसाचं ‘माणसा’ झालं की मगच तो चिकटतो. यालाच सामान्यरूप म्हणतात. गावांच्या नावांशी मात्र तो सांभाळून वागतो: देगलूरला, बोधनला. पुणे ‘पुण्याला’ होतं, पण देगलूरचं ‘देगलुराला’ कुणी करत नाही. अनेकवचनात तो ‘ना’ होतो: लेकरांना, पोरींना.

माणसांवर त्याचा विशेष जीव. ‘मी पुस्तक वाचलं’ यात त्याची गरज नाही, पण ‘मी रामला पाहिलं’ यात तो हवाच. आणि काही ठिकाणी तो असण्यानसण्यानं अर्थच फिरतो. ‘आम्ही पोरगी पाहिली’ म्हटलं की ऐकणारा लग्नाचं विचारतो. ‘आम्ही पोरीला पाहिलं’ म्हटलं, तर ती बाजारात किंवा स्टँडवर दिसली, एवढंच. क्रियापदही बदललं, हे लक्षात घ्या. पोरगी मोकळी होती तोवर क्रियापद तिच्यामागं स्त्रीलिंगी झालं, ‘पाहिली’. ‘ला’ मध्ये येताच ते तिला सोडून नपुंसकलिंगी ‘पाहिलं’ झालं. एवढासा प्रत्यय, पण कर्म आणि क्रियापद यांच्यात भिंत होऊन उभा राहतो.

आता दोन नावांचं. ‘आईनं लेकराला उचललं’ आणि ‘आईनं लेकराला भाकर दिली’. दोन्हीकडं लेकराला. पहिल्यात उचललं जातं ते लेकरूच, म्हणून ती द्वितीया. दुसऱ्यात ‘काय दिली?’ विचारलं तर उत्तर भाकर येतं. लेकरू घेणारं आहे, म्हणून ती चतुर्थी. भाकर मोकळी आहे, म्हणून क्रियापद तिच्यामागं ‘दिली’ झालं. वाक्यात असं वेगळं कर्म सापडलं, की ‘ला’ बहुतेक वेळा चतुर्थीचा असतो.

मराठी कानाला हा फरक ऐकू येत नाही, तो विचारून काढावा लागतो. तेलुगू घरातल्या पोराला मात्र तो ऐकू येतो. पाहिलं तर ‘रामूनि चूशानु’, दिलं तर ‘रामूकु इच्चानु’. ‘नि’ वेगळा, ‘कु’ वेगळा. संस्कृतातही रामम् वेगळं, रामाय वेगळं. आपल्या तक्त्याची चौकट संस्कृतातून आली, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं तेव्हाही तिचीच नावं हाताशी होती. प्रत्यय एक झाले तरी नावं दोन राहिली ती त्यामुळं. इंग्रजीतही हेच घडलंय. जुन्या इंग्रजीत पाहायला ‘हिने’ आणि द्यायला ‘हिम’ अशी दोन रूपं होती. पुढं ‘हिम’नं ‘हिने’ची जागा घेतली. तिथले जुने वैयाकरण तरीही ॲक्युझेटिव्ह आणि डेटिव्ह ही लॅटिन वळणाची नावं वापरत राहिले.

खरी अडचण पुढं येते. ‘मला भूक लागली’ यात कुणी काही देत नाही, भूक माझ्याकडं येते. इथं मांजरेच्या पलीकडचा माणूसही ‘नाकु आकलि’ असंच म्हणतो, घेणाऱ्याचाच प्रत्यय लावतो. पण ‘मी नांदेडला जातो’ आणि ‘मी नांदेडला राहतो’ यांत वाटा फुटतात. तेलुगूत जाण्याला ‘कु’ आणि राहण्याला ‘लो’ लागतो. आपला ‘ला’ दोन्हीकडं तोच. राहण्याचं ठिकाण म्हणजे अधिकरण, आणि अधिकरण म्हणजे सप्तमी, असं मुलानं लिहिलं तर सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ त्याला अडवतात. प्रत्यय पाहून चतुर्थी लिहिली तर अर्थ अडवतो.

या घोळाचं कारण असं, की विभक्ती हे शब्दाचं रूप आहे आणि कारक हे त्याचं क्रियापदाशी असलेलं नातं. इंग्रजीतला ‘केस’ हा शब्द या दोन्हींसाठी वापरला जातो, म्हणून तिकडून शिकून आलेल्या मुलाचा गोंधळ जास्त होतो. ‘नांदेडला राहतो’ यात प्रत्यय चतुर्थीचा आहे आणि कारक अधिकरण आहे. फळ्यावर दोन रकाने आखावेत, एक प्रत्ययाचा, एक कारकाचा, आणि प्रत्येक ‘ला’ दोन्हींत लिहायला लावावा.