सहाशेचं लुगडं

आमच्या आईला काही आणून द्यायचं म्हणजे आधी तिच्याशी भांडायची तयारी ठेवावी लागे. मी पुण्याहून यायचो. सोलापूर रस्त्याला लोणी देवकरच्या फाट्यावर उतरून वस्तीवर पोचेपर्यंत पिशवीत काय आहे हे कुणाला कळू द्यायचो नाही. तरी आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "केवढ्याला पडलं?"

शाल आणली, ती बहिणीच्या सासूला आहेरात गेली. कुकर आणला, तो खोक्यातून निघालाच नाही. "माझ्यावर कशापायी पैसा घालतूस? मला काय कमी हाय?" एवढं बोलून ती चुलीकडं वळायची.

हे कुठून आलं होतं ते मला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी सून होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि घरात तांबडी मिलो शिजायची. त्या वर्षी अंगावरचं एकच लुगडं धुऊन, ओलंच नेसून ती कामावर गेली होती. त्यानंतर हातात पैसा आला की तो बियाण्याला, मुलांच्या फीला, पोरीच्या लग्नाला. स्वतःसाठी खर्च करायचा असतो, हे तिच्या हिशेबातच राहिलं नाही.

म्हणून मी खोटं बोलायला शिकलो. एका दिवाळीला इरकली लुगडं आणलं, अठराशेचं. सांगितलं, सहाशेचं. तिनं घडी उलगडली, पदरावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सहाशेत बरं मिळालं." मी खूश. पण दुसऱ्याच दिवशी शेजारची काकू बाराशे रुपये घेऊन दारात. "तसलीच दोन आण रं." खोट्यापायी पदरचे चोवीसशे घालून मी ती आणली. आईचं लुगडं मात्र पेटीत गेलं. "नातवाच्या बारशाला नेशीन." बारसं झालं, तरी पेटी उघडली नाही.

पुढं दोन वर्षांनी नातवासाठी ती गोधडी शिवत होती. जुनी लुगडी एकावर एक अंथरून कडेनं धावदोरा घालत आत यायचं, ही तिची जन्माची सवय. पण त्या दिवशी दोन टाक्यांमध्ये बोटभर अंतर पडलेलं. सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारत होती. संध्याकाळी रस्त्याकडं बघून म्हणाली, "आलीकडं गाडीच्या दिव्याला पिसारा फुटल्यावानी दिसतंय."

तपासलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खाजगी दवाखान्यात करू म्हटलं, तर आई हटून बसली. "पिकू दे आजून. पिकल्याबिगर काढत न्हाईत." डॉक्टरांनी तिला समजावलं, "आजी, ते जुन्या काळचं. आता पिकायची वाट बघायची नसते. फार पिकला तर आत कडक होतो, काढायला अवघड जातो. कधी डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो, आणि मग गेलेली नजर परत येईलच असं नाही."

एवढं ऐकूनही खर्चाला तिचा नकार कायम. मग मोफत शिबिराची चौकशी केली. सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात, 1976 पासून चालत आलेल्या, ही शस्त्रक्रिया पैसे न घेता होते. "फुकट हाय?" असं तिनं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा म्हणाली, "गोधडी आर्धी राहिलीय. चल."

गढूळ झालेलं भिंग काढून आत नवं बसवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. खरं काम पुढं होतं. महिनाभर वेळेवर थेंब, डोक्यावरून पाणी नाही, वाकून ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही. आई चुलीपासून लांब बसणार कशी? मी रजा टाकून राहिलो आणि भाकरी थापल्या. वाकड्यातिकड्या. त्या मात्र तिनं हूं की चूं न करता खाल्ल्या. तिला मी दिलेलं आणि तिनं किंमत न विचारता घेतलेलं, असं आयुष्यात तेवढंच.

दुसरा डोळाही पुढं झाला. गोधडी पुरी झाली. मग एके दिवशी तिनं पेटी काढली. लुगड्याची घडी उन्हात धरली आणि मला हाक मारली. पदराच्या आतल्या बाजूला दुकानदाराची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आईला अक्षरं येत नव्हती, पण नोटांमुळं आणि एस.टी.च्या पाट्यांमुळं आकडे पक्के होते.

"एक, आठ, आन् दोन शून्य," तिनं बोट ठेवून वाचलं. "हे सहाशे हायेत व्हय रं?"

मी गप्प.

"आन् काकूचं?"

तेही सांगावं लागलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग लुगडं घेऊन आत गेली आणि नेसूनच बाहेर आली.

"पेटीत ठिवून अठराशे वाया जायाचं," ती म्हणाली. "पुढच्या बारीला आणू नगंस. आणलंस तर खरं सांग."

त्या दिवशी ती तेच नेसून काकूकडं गेली. किंमत मात्र तिनं काकूला सहाशेच सांगितली असणार, कारण काकूनं मला आजवर काही विचारलेलं नाही.