पूल टाळून कामावर

किराडपुऱ्याहून चिकलठाणा एमआयडीसीत आम्ही दोघे भाऊ सायकलने कामाला जातो. औरंगाबादेत पूर्वेकडे जायचे म्हणजे जालना रोड, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. पण त्या वाटेवर मोंढा नाका, सेव्हन हिल आणि सिडको असे तीन उड्डाणपूल लागतात. घरात कमावणारे आम्ही दोघेच, म्हणून अब्बांनी बजावले, “वेळ लागला तरी चालेल, पण त्या रस्त्याने जाऊ नका.”

पुलाचा धोका चढावर सुरू होतो. सायकलचा वेग निम्म्यावर येतो, मागच्या गाड्यांचा मात्र कमी होत नाही. डावीकडे कठडा असतो, त्यामुळे गाडी अगदी जवळून गेली तर सरकायला वीतभरही जागा नसते. पुलाखालून जावे तर पुलाच्या तोंडाशी अडचण येते. वर चढणाऱ्या आणि खालून डावीकडे वळणाऱ्या गाड्या तिथेच एकमेकींना छेदतात आणि सायकलवाला मध्ये सापडतो.

म्हणून आम्ही आतली वाट धरली. किराडपुऱ्यातून आझाद चौक, तिथून बजरंग चौक, पुढे कॅनॉटच्या बाजूने एन-१ आणि मग एमआयडीसी. एका रविवारी नुसती वाट पाहून आलो. मग कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला पुन्हा गेलो, कारण रविवारी रिकामा दिसणारा रस्ता सोमवारी तसा राहत नाही. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पाहिली: मागून ट्रक आला तर डावीकडे उतरायला जागा आहे का? जिथे नाही, तिथे शेजारची गल्ली शोधली.

या वाटेवर गतिरोधक आणि वळणे जास्त, त्यामुळे आठ-दहा मिनिटे जास्त लागतात. पण गतिरोधकांमुळे गाड्याही सावकाश चालतात. जळगाव रोड मात्र ओलांडावाच लागतो. तिथे आम्ही सिग्नलला उतरतो आणि सायकल हातात धरून पायी पलीकडे जातो. थांबताना बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला उभे राहत नाही. ती डावीकडे वळली तर मागचे चाक आतून कापत येते आणि चालकाला आपण दिसत नाही.

आतली वाट प्रत्येक वेळी सोयीची असते असे नाही. उभ्या गाडीचे दार अचानक उघडते, म्हणून उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहावे लागते. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी मोहल्ल्यात खरेदीची गर्दी असते आणि प्रत्येकाला घरी पोहोचायची घाई. त्या अर्ध्या तासात आम्ही आझाद चौकापासून सायकल ढकलतच नेतो. कामावरून निघतानाच खजूर खिशात ठेवतो, म्हणजे वाटेत अजान झाली तरी घाई करावी लागत नाही.