फ्लॅटमधली पूर्व दिशा

लहान फ्लॅटमध्ये देवघर कसे मांडावे यावर सोप्या भाषेत लिहा, पोथीत शिरू नका, अशी संपादकांची अट आहे. पहिली गोष्ट जमेल, दुसरीची खात्री देत नाही. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारी मराठी कुटुंबे बहुतांश खानदेशातली आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या गावी त्यांच्या देवांना एक खोली किंवा निदान एक भक्कम कोनाडा होता. इथे वन रूम किचनमध्ये देवांच्या वाट्याला दीड-दोन फूट भिंत येते. या भिंतीबद्दल पुरोहिताला जे प्रश्न विचारले जातात त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात : दिशा. देव किती असावेत, केवढे असावेत, रोज त्यांचे काय करायचे, हे क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. शास्त्राने दिशेच्या बाबतीत घराला बरीच मोकळीक दिली आहे. संख्या, आकार आणि नित्यपूजा यांत मात्र फारशी दिलेली नाही. आपण मोकळीक आहे तिथे घाबरतो आणि बंधन आहे तिथे बिनधास्त वागतो.

देवघर ईशान्येलाच हवे, हे वाक्य हवेतून आलेले नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे, त्यात देवगृह ईशान्येला सांगितले आहे. पण तिथेच स्वयंपाकघर आग्नेयेला, भांडीकुंडी नैर्ऋत्येला आणि धनधान्य वायव्येला ठेवायला सांगितले आहे. म्हणजे ग्रंथकारापुढे चार मोकळे कोपरे असलेले स्वतंत्र घर आहे आणि मालक ते आपल्या इच्छेने आखतो आहे. फ्लॅटमध्ये पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप बिल्डरने जिथून खाली नेला, तिथे मोरी आणि संडास येतात. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला ते हलवता येत नाहीत. चारांतला एकच नियम उचलून त्यासाठी इतर सगळे वाकवायचे आणि ते जमले नाही की पिरॅमिड नाहीतर आरसा विकत घ्यायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत.

एक नमुन्याचा फ्लॅट घेऊ. दार पश्चिमेला, आत दहा बाय बाराची खोली, तिच्या पलीकडे पूर्वेला आग्नेय बाजूस स्वयंपाकघर आणि ईशान्य कोपऱ्यात संडास-बाथरूम. पूर्वेची भिंत अर्धी बाथरूमला लागून, उरलेल्या अर्ध्या भागात स्वयंपाकघराचे दार. दक्षिणेला कपाट आणि पलंग. उत्तरेच्या भिंतीत खिडकी, तिच्या शेजारी अडीच फूट कोरी जागा. बहुतेक लोक बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर देव्हारा ठोकतात, कारण ती पूर्व आहे आणि ईशान्येच्या जवळ आहे. माझ्या मते ती या घरातली सर्वांत वाईट जागा आहे, आणि त्यासाठी सोवळ्या-ओवळ्यापर्यंत जायचीही गरज नाही. त्या भिंतीला ओल येते. पावसाळ्यात देव्हाऱ्याचे प्लायवूड फुगते, तसबिरींच्या मागचा पुठ्ठा बुरसतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. देव्हारा काढून भिंतीला तळहात लावला की कारण कळते. ओट्यावरच्या फळीचीही तीच गत : फोडणीचा तेलकट धूर मूर्तीवर बसतो, त्यावर हळद-कुंकू चिकटते, आणि तो थर नुसत्या पाण्याने निघत नाही. उरते ती उत्तरेची भिंत, खिडकीशेजारची. तिथे पूजा करणाऱ्याचे तोंड उत्तरेला होईल.

आणि इथेच घरात वाद सुरू होतो. पूजा करणाऱ्याने पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. देवाचे तोंड दक्षिणेला नसावे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. पण भक्त उत्तरेला पाहत समोर बसला, तर देव दक्षिणेलाच पाहणार. दोन्ही नियम एकदम पाळता येत नाहीत. मग पूर्वजांनी ते कसे पाळले? त्यांची बसण्याची रीत वेगळी होती. देव चौरंगावर पूर्वेकडे तोंड करून असत आणि पूजक त्यांच्या उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिण बाजूस, उत्तरेकडे तोंड करून बसे. देवाच्या बाजूला बसता येईल एवढी खोली होती. भिंतीतल्या देव्हाऱ्याला तीन बाजूंनी फळ्या असतात. तिथे समोरूनच बसावे लागते. जागा बदलली, बसणे बदलले, आणि नियम मात्र जुन्या बसण्याचे राहिले. घराघरांत भांडण लावणारा विरोधाभास एवढाच आहे.

अशा वेळेसाठी पूजाविधीत एक संकेत आहे आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो : पूज्य आणि पूजक यांच्यामधली जी दिशा, तीच पूर्व मानायची. म्हणजे समोरासमोर बसल्यावर देव आपोआप पूर्वाभिमुख ठरतो, भिंत कुठलीही असो. या संकेताचे परिणाम मात्र नीट समजून घ्यावे लागतात. विष्णुपंचायतनात मधे विष्णू, ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी असते. छापील आकृतीत वरची बाजू पूर्व धरलेली असते, कारण पूजक खऱ्या पूर्वेकडे पाहत बसला आहे असे गृहीत असते. म्हणून शिव पलीकडे डाव्या हाताला आणि गणपती पलीकडे उजव्या हाताला येतो. संकेताची पूर्व धरली की पूर्व पलीकडून अलीकडे येते आणि सगळी मांडणी अर्धे वर्तुळ फिरते : शिव अलीकडे उजव्या हाताला, गणपती अलीकडे डाव्या हाताला. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. चूक होते ती एकीतले दोन देव आणि दुसरीतले दोन देव घेतल्यावर. खानदेशी घरांत पंचायतन सहसा नसते. टाक, गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि महादेवाची पिंड असते. तिथे प्रश्न उरतो फक्त शाळुंकेच्या पन्हळीचा. ती उत्तरेला हवी. पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्याच्या ती डाव्या हाताला येते. आपल्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये खरी उत्तर देवांच्या पाठीमागे आहे. तिकडे पन्हळ केली तर पाणी फळीमागे झिरपेल. संकेताने ती उजव्या हाताला येते आणि पाणी ताम्हणात पडते.

यावर आक्षेप येतो की ही सोयीची पळवाट आहे. खरी पूर्व सोडून मानलेली पूर्व घ्यायची, तर उद्या काहीही मानता येईल. तसे नाही. खरी पूर्व मिळत असेल तर ती सोडावी असे मी म्हणत नाही. कोरडी, धुरापासून दूर, समोर बसता येईल अशी पूर्वेची भिंत असेल तर तीच घ्यावी आणि छापील आकृती पाळावी. संकेत ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि तो पूजाविधीतलाच आहे, कोणा सल्लागाराच्या सोयीसाठी तयार झालेला नाही. दुसरा आक्षेप वास्तुतज्ज्ञांचा, की दिशेची ऊर्जा मानण्याने बदलत नाही. ऊर्जेचे मला ठाऊक नाही. पूजेच्या ग्रंथांतही हा शब्द या अर्थाने येत नाही. तिथे विचार आहे तो विधीचा आणि तो करणाऱ्या माणसाचा.

आता बंधनाकडे वळू. मत्स्यपुराणात घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत, म्हणजे बारा अंगुळे, साधारण नऊ इंचांपर्यंतच असावी असे सांगितले आहे. गृहप्रवेशाला भेट आलेली दीड फुटाची संगमरवरी मूर्ती देव्हाऱ्यात बसवणारे लोक दिशेसाठी मोबाइलवर होकायंत्र उघडतात, पण मूर्तीला वीत लावून पाहत नाहीत. संख्येचेही तसेच. दोन शिवलिंगे, दोन शंख, तीन गणपती, तीन देवी घरात पूजू नयेत, असा निर्बंध आहे. सुरतेत तो मोडतो तो बहुधा अन्नपूर्णेमुळे. सासूची लग्नातली एक, सुनेची एक, आणि गावाकडून आणलेला देवीचा टाक; झाल्या तीन. कुलदेवीचा टाक वेगळा मोजावा असेही मत आहे, पण लहान देव्हाऱ्यात मी कडक अर्थच घेतो : एक अन्नपूर्णा पूजेत ठेवावी, दुसरी डबीत तांदळात जपून ठेवावी आणि मुलगा वेगळी चूल मांडेल तेव्हा त्याच्या घरी पूजेत घ्यावी. निर्बंध पूजनाचा आहे, हे मात्र विसरू नये. टीव्हीजवळचा शोभेचा गणपती या मोजणीत येत नाही. त्याला रोज हळद-कुंकू वाहायला लागलात की येतो.

संख्या कमी का ठेवायची, हे रोजच्या पूजेत कळते. निर्माल्य काढणे, ताम्हणात साध्या पाण्याने स्नान, कोरड्या सुती कपड्याने पुसणे, गंध, हळद-कुंकू, फूल, दिवा, नैवेद्य. पाच-सहा देवांना पंधरा मिनिटे लागतात. वीस देव असले की पुसणे वगळले जाते आणि नुकसान तिथूनच सुरू होते. ओलसर मूर्तीवरचे हळद-कुंकू पाणी धरून ठेवते. पितळेच्या खाचांत हिरवट थर दिसू लागला की समजावे, पुसणे अपुरे आहे. पंचामृत सणालाच घालावे, कारण दुधा-मधाचा अंश खाचेत राहून आंबतो. टाकाची काळजी सर्वांत नाजूक असते. तो साच्यावर ठोकून उठाव काढलेला चांदीचा पातळ पत्रा असतो. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, आणि खाडी किंवा उघडे गटार जवळ असेल तर अधिक लवकर. ते काळेपण पाहून लोक पितळेची पावडर किंवा रांगोळी घेऊन टाक घासतात; काही वर्षांत खंडोबाचा चेहरा सपाट होतो आणि घोडा ओळखू येत नाही. थोडा काळा टाक सदोष नाही, झिजलेला आहे. मऊ कापडाने पुसावा आणि फारच काळवंडला तर सणाआधी सोनाराकडून उजळून घ्यावा.

राहिला दिवा. सुरतेच्या अनेक घरांत बायका साड्यांना लेस आणि टिकल्या लावण्याचे काम करतात. त्याच खोलीत पॉलिएस्टरच्या साड्यांचे गठ्ठे असतात. हे कापड पेटताना वितळते आणि अंगाला चिकटते. देव्हाऱ्याला पडदा लावू नये, निरांजनाच्या वर लगेच फळी येऊ देऊ नये, आणि खिडकीतून ज्योत हलत असेल तर समई खोल काचेत ठेवावी. बसून पूजा करणाऱ्यांनी देव छातीच्या उंचीला येतील इतकाच, जमिनीपासून साधारण दीड फुटावर देव्हारा ठेवावा. खूप उंच लावला की ताम्हणातले पाणी दिव्यावर सांडते. भंगलेली मूर्ती पिंपळाखाली ठेवून येऊ नये. धातूची असेल तर आटवून त्याच धातूची नवी करवून घ्यावी. तसबिरीची काच आणि चौकट वेगळी करून कागद मातीत विसर्जित करावा.

म्हणून नवे घर घेणाऱ्यांना सांगणे एवढेच : आधी रोज किती वेळ देता येईल ते ठरवा, त्यावरून देव ठरवा, मग कोरडी भिंत शोधा. होकायंत्र सर्वांत शेवटी काढा, आणि उत्तर मनासारखे आले नाही तर भिंत फोडू नका.