ताळा

आमच्या आईने नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षे गणित शिकविले. उत्तर बरोबर आले म्हणून पूर्ण गुण देणाऱ्या शिक्षिकांपैकी ती नव्हे. उत्तराखाली ताळा करून पाहिलेला नसेल, तर तिचा एक गुण हटकून कापला जाई. भागाकार केलास ना, मग भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार कर, बाकी मिळव, आणि भाज्य परत येते का पाहा, असा तिचा खाक्या. निवृत्त होऊन तिला तेरा वर्षे झाली; पण लाल शाईचे पेन अजून तिच्या उशाशी असते. वाण्याची यादीसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही.

अशा या बाईने गेल्या हिवाळ्यात नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर नवी कार्यप्रणाली बसविली, तीही कुणाला एक अक्षर न विचारता, केवळ फोनवरचे व्हिडिओ पाहून. चिरंजीव शिक्षणासाठी बेंगळूरला गेले आणि जाताना नवे यंत्र घेऊन गेले. २०१६ साली घेतलेले जुने यंत्र घरी राहिले. त्याची अवस्था काय सांगावी! सकाळी बटण दाबावे, चहा टाकावा, तो गाळून प्यावा, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे. त्यातच त्यावरच्या विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ चालविण्याइतके यंत्र नवे नव्हते. ‘भंगारात देऊन टाकू’, असे घरातल्या आम्हा शहाण्यांचे मत पडले.

आईने ठाम नकार दिला, आणि त्याला कारण होते. टाळेबंदीच्या दिवसांत नातवाने आजोबांना समोर बसवून त्यांच्या लहानपणच्या हकिकती त्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण एकेचाळीस फिती. वडील २०२१ साली गेले. त्या फिती ऐकत ऐकत, त्याच यंत्रावर, मराठीत उतरवून काढायच्या, हा आईचा संकल्प. यंत्र मात्र एक फीत उघडायला पाच-पाच मिनिटे घेई.

“अगं, तुझ्या नातवाला फोन करून विचार ना,” मी म्हणालो.

“त्याची परीक्षा आहे. आणि दुसऱ्याला विचारून सोडवलेलं गणित आपलं नसतं, हे तुला चौथीत सांगितलं होतं मी.”

आईची अभ्यासाची रीत मी जवळून पाहिली. एखादा व्हिडिओ ती प्रथम यंत्राला हात न लावता सबंध पाही. दुसऱ्यांदा थांबवीत थांबवीत पाही आणि वहीत टिपणे काढी. वहीच्या पानावर तीन रकाने आखलेले : कृती, पडद्यावर काय दिसले पाहिजे, आणि ताळा. हा तिसरा रकाना बहुतेक व्हिडिओंत सापडत नसे. “ही मुलं हुशार आहेत रे,” ती म्हणे, “पण फळ्यावर फक्त सुटलेलं गणित दाखवतात. चुकलं तर कुठे चुकलं, ते कसं ओळखायचं, हे कुणी सांगत नाही.” शिवाय कित्येक व्हिडिओ चार-पाच वर्षांपूर्वीचे, त्यांतली बटणे आता भलत्याच जागी. म्हणून पाहण्याआधी व्हिडिओची तारीख वाचायची, हा तिचा पहिला नियम ठरला.

निवड झाली लिनक्स मिंटची. ही प्रणाली फुकट मिळते. तिच्या तीन आवृत्त्यांपैकी ‘एक्सएफसीई’ नावाची सर्वांत हलकी, आणि आमच्या यंत्राला स्मृती अवघी ४ जीबी, म्हणून ती घेतली. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचे नाव देतात. २२.२ चे नाव ‘झारा’. ते ऐकून आई मनापासून हसली. “तळणाचं आहे, जपून करायला हवं!”

तिने पहिले काम केले ते फितींची नक्कल करण्याचे. बाहेरून जोडायच्या १ टीबीच्या डिस्कवर एकेचाळीस फिती उतरविल्या. व्हिडिओतला मुलगा इथे ‘झाली कॉपी’ म्हणून पुढे गेला होता. आईने ताळ्याच्या रकान्यात लिहिले : ‘संख्या ४१. एकूण आकार दोन्हीकडे सारखा. दुसऱ्या यंत्रावर वाजवून पाहणे.’ ते दुसरे यंत्र म्हणजे माझे. त्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत वडिलांचा आवाज एकेचाळीस वेळा सुरू झाला आणि प्रत्येक फितीचा आरंभ व शेवट ऐकून आईने एकेचाळीस वेळा बरोबरची खूण केली. मी उत्तरपत्रिका तपासीत बसलो होतो. त्या दिवशी माझ्याकडून फारशा तपासून झाल्या नाहीत.

मग मिंटची फाईल उतरवून घ्यायची. ती जवळजवळ तीन जीबीची. माझ्याच लॅपटॉपवर ती रात्रभर उतरत होती आणि मध्ये दोनदा जाळे तुटले. आता ही फाईल धड आहे की नाही हे कसे कळावे? मिंटवाले आपल्या स्थळावर प्रत्येक फाईलसाठी चौसष्ट चिन्हांची एक खूण छापतात. शून्य ते नऊ हे अंक आणि a ते f ही अक्षरे, एवढ्यांचीच ती बनलेली असते. आपण उतरविलेल्या फाईलवरून आपल्या यंत्राने तीच खूण काढायची आणि दोन्ही जुळवून पाहायच्या. फाईल असलेल्या फोल्डरात काळी खिडकी उघडून आईने एका बोटाने टंकले :

```
certutil -hashfile linuxmint-22.2-xfce-64bit.iso SHA256
```

खुणा जुळल्या नाहीत. फाईलमध्ये एका कणाचा जरी फरक पडला, तरी खूण थोडी बदलत नाही, सबंधच निराळी येते. त्यामुळे पहिल्या चार अक्षरांतच उलगडा झाला. मला वाटले, आता आई कंटाळेल. तिचा चेहरा उलट उजळला. “अरे, हा तर ताळाच आहे! यांच्यातही कुणीतरी गणिताचा मास्तर दिसतो.” तिने फाईल पुन्हा उतरविली. या वेळी चौसष्टच्या चौसष्ट चिन्हे जुळली. मी वाचीत होतो आणि ती एकेकाखाली टिंब देत होती.

ती फाईल १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर नुसती चिकटवून भागत नाही, हे तिला व्हिडिओंतून कळले होते. यंत्राला त्या पेनड्राइव्हवरून सुरू होता यावे, अशा रीतीने ती लिहावी लागते. त्यासाठी रूफस नावाचा छोटा प्रोग्राम वापरला. त्यात पेनड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच पेनड्राइव्ह घेतला होता.

खरी अडचण पुढे आली. यंत्र सुरू होताहोता एक विशिष्ट कळ दाबली, की कशावरून सुरू करू, असे ते विचारते. कुणाच्या यंत्राला ती कळ F12, कुणाच्या F9, कुणाच्या Esc. आमची F12. आईने ती वीस वेळा दाबली असेल. यंत्र आपले विंडोजमध्येच जाई. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी एका व्हिडिओत कुणी जाता जाता म्हणाला, की विंडोज ‘बंद’ केले तरी ते पुरते झोपत नाही. पुन्हा लवकर जागे होता यावे म्हणून अर्धवट डुलकी घेते. ‘Restart’ म्हटले तरच खरोखर नव्याने सुरू होते. आईने Restart केले, F12 दाबली, आणि यादी समोर हजर! वहीत तिने कृतीखाली दोन रेघा ओढल्या : ‘बंद म्हणजे बंद नव्हे.’

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाले. यात एक मोठी सोय आहे. आतल्या डिस्कला स्पर्श न करता सगळे चालवून पाहता येते. वायफाय चालते का, कळा उमटतात का, आवाज येतो का, हे पाहून मगच बसवायचे. आवाज पाहण्यासाठी आईने बाहेरची डिस्क जोडली आणि वडिलांची एक फीत लावली. स्वच्छ वाजली. त्याच आनंदात तिने ‘Install Linux Mint’ या चित्रावर टिचकी मारली.

भाषा, कळफलक अशी पाने उलटून ती मुख्य पानावर आली. ‘Erase disk and install Linux Mint’, म्हणजे डिस्क पुसून मिंट बसवा. व्हिडिओतल्या मुलाने हेच निवडले होते. पण त्याच्या पडद्यावर नव्हते असे काही आईच्या पडद्यावर होते. ‘Select drive’ असे लिहून खाली एकापेक्षा अधिक नावे. एकापुढे ५०० जीबी, एकापुढे १ टीबी.

मी शेजारीच होतो. आईचा हात उंदरावरून उचलला गेला. व्हिडिओत डिस्क एकच होती, म्हणून ‘कुठली डिस्क?’ हा प्रश्नच तिथे उद्भवला नव्हता. आमच्या पडद्यावरच्या नावांत एक नाव होते ते वडिलांच्या आवाजाचे. आतल्या डिस्कवरच्या फिती तर आता पुसल्या जाणारच होत्या. शिल्लक राहणार होती ती फक्त ही नक्कल.

“हे उदाहरण पुस्तकातलं नाही,” ती सावकाश म्हणाली. मग तिने ‘Quit’ दाबले, डिस्क रीतसर सोडवून घेतली, तिची तार काढली आणि डिस्क कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी १ टीबीचे नाव नव्हते. तिने ५०० जीबीची डिस्क निवडून ‘Install Now’ दाबले, तेव्हा डिस्कवर कोणते बदल लिहिले जाणार याची यादी समोर आली. तिथपर्यंत माघार घेता येते. ‘Continue’ म्हटले की जुने गेले. आईने यादी दोनदा वाचली. पहिल्या डिस्कला यंत्र sda म्हणते. यादीत तेवढेच नाव असल्याची खात्री केली आणि कळ दाबली.

अर्ध्या तासाने पेनड्राइव्ह काढून Enter दाबण्याची सूचना आली. यंत्र पुन्हा सुरू झाले, ते दीड मिनिटात. चहा व्हायच्या आत!

सगळेच साधले असे नाही. विंडोजसाठी केलेले चिरंजीवांचे खेळ आता त्यावर चालत नाहीत. बॅटरी जुनी, ती तासभरही टिकत नाही. फिरती डिस्क जुनीच असल्यामुळे एकाच वेळी चार कामे सांगितली की यंत्र कुरकुरते. पण आईचे काम एका वेळी एकच असते. मराठीसाठी तिने इनस्क्रिप्ट कळफलक घेतला. त्यात जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडायचा तो d या कळीने, हे तिला फार आवडले. “शाळेत मुलांना समजावताना माझा घसा बसायचा, इथे एका कळीवर सगळ्यांचे पाय मोडतात!”

ती आता नवव्या फितीपर्यंत आली आहे. मिनिटभर ऐकते, थांबविते, लिहिते, मागे नेऊन पुन्हा ऐकते आणि लिहिलेले जुळवून पाहते. वडील बोलता बोलता जिथे खोकले आहेत, तिथे तिने कंसात ‘खोकला’ असे लिहिले आहे. “हे कशाला?” म्हणून विचारले, तर माझ्याकडे वर न पाहताच म्हणाली, “जेवढं आहे तेवढं उतरलं पाहिजे.”